केबल जेद्दाजवळ तुटली, मंदावलो आपण का?

६ सप्टेंबर २०२५. शनिवार, आणि अनंत चतुर्दशी. मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुका असल्यामुळे ईद-ए-मिलादची शासकीय सुट्टी त्या वर्षी सोमवारी, ८ तारखेला ढकलली होती. म्हणजे शहरातली बहुतेक ऑफिसं तीन दिवस बंद. नेमक्या त्याच शनिवारी सकाळी तांबड्या समुद्रात, सौदी अरबमधल्या जेद्दा शहराजवळ, समुद्रतळावरून जाणाऱ्या केबल्स तुटल्या. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना त्याचा पत्ता लागला तो मंगळवारी, कामावर परतल्यावर.

मायक्रोसॉफ्टने आपल्या अ‍ॅझ्युर सेवेच्या ग्राहकांना त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. भारतीय वेळेनुसार सकाळी सव्वाअकरापासून मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे, तिकडून न जाणाऱ्या वाहतुकीवर परिणाम नाही, असा त्याचा मतलब होता. पाकिस्तानातल्या पीटीसीएल कंपनीने जेद्दाजवळ केबल तुटल्याचं आपल्या ग्राहकांना जाहीरपणे कळवलं. इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या नेटब्लॉक्स या संस्थेने भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडे जोडणी खालावल्याचं नोंदवलं आणि दोन केबल्सची नावं घेतली, सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई. संयुक्त अरब अमिरातीतही लोक संथ इंटरनेटची तक्रार करत होते.

आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर? तिथे दोन तासांत तीन निकाल लागले होते. पहिला, हूथींनी केबल कापली. दुसरा, इस्रायलने कापली आणि नाव हूथींवर ढकललं. तिसरा, काही तुटलंच नाही, सरकार काहीतरी अडवतंय. मी एका इंटरनेट पुरवठादाराच्या नेटवर्क विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे असे निकाल वाचले की माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. मंद झालंय म्हणजे नेमकं काय झालंय? किती, कुठल्या दिशेला, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी? याची उत्तरं घरी बसून मिळतात. त्यासाठी ना गुप्तहेर लागतो ना मंत्री.

सुरुवात एका साध्या हिशेबापासून करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक मिलिसेकंदात २०० किलोमीटर. निरोप जाऊन उत्तर परत येण्याला आपण लेटन्सी म्हणतो, त्यामुळे जाणं-येणं धरून दर १०० किलोमीटर अंतराला एक मिलिसेकंद लागतो. हा निसर्गाचा दर आहे. कुठलाही प्लॅन घेतला, कितीही पैसे मोजले, तरी तो कमी होत नाही. मुंबईहून निघालेली केबल अरबी समुद्र, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, मग इजिप्तची जमीन ओलांडून भूमध्य समुद्रातून फ्रान्समधल्या मार्सेला पोहोचते. ही वाट ढोबळमानाने दहा हजार किलोमीटरची. म्हणून मार्सेपर्यंतची फेरी शंभर मिलिसेकंदांच्या आसपास, आणि तिथून पुढे लंडन धरलं की ११० ते १३०. चांगल्या दिवशी मुंबई-लंडनचा आकडा हाच असतो.

आता ही वाट बंद झाली असं समजा. दुसऱ्या बाजूने युरोपला जायचं तर मुंबई ते सिंगापूर, तिथून प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेचा पश्चिम किनारा, मग अमेरिका आडवी पार करून अटलांटिकखालून लंडन. सिंगापूरपर्यंत साठेक मिलिसेकंद, पुढे लॉस एंजलिस १७० च्या आसपास, न्यूयॉर्कला आणखी ६५, लंडनला आणखी ७०. बेरीज होते ३६५. ठाण्याहून कल्याणला जायला नाशिकमार्गे निघण्यासारखं आहे हे. पण निरोप पोहोचतो. हीच या जाळ्याची खुबी आहे, आणि इथेच गैरसमजाचं मूळही आहे. इंटरनेट बंद पडत नाही, त्यामुळे काही तुटलंय हे पटत नाही. आणि काम तर होत नाही, त्यामुळे कोणीतरी मुद्दाम करतंय असं वाटतं.

आता हे आकडे वाचायचे कसे ते पाहू. युरोपमध्ये नक्की असलेल्या एखाद्या सर्व्हरला कॉम्प्युटरवरून पिंग करायचं. लिनक्सवर शेवटी एक ओळ छापून येते. खाली तीन दिवसांच्या तीन ओळी देतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा प्रसंगी ते याच घरात येतात.

```
rtt min/avg/max/mdev = 118.4/119.6/123.0/1.1 ms
rtt min/avg/max/mdev = 119.0/262.3/540.8/96.5 ms
rtt min/avg/max/mdev = 352.7/421.5/688.2/71.3 ms
```

बहुतेक जण दुसरा आकडा, म्हणजे सरासरी, बघतात. मी पहिला बघतो. `min` म्हणजे पाठवलेल्या पॅकेटांपैकी सगळ्यात नशीबवान पॅकेटला लागलेला वेळ. त्याला कुठेही रांगेत थांबावं लागलं नाही, म्हणून त्याचा वेळ म्हणजे जवळपास निव्वळ अंतर. पहिल्या ओळीत तो ११८ आहे आणि बाकीचे आकडे त्याला चिकटून आहेत. वाट नेहमीची, मोकळी. दुसऱ्या ओळीत `min` हलला नाही, ११९ आहे, पण सरासरी दुपटीहून वर गेली. वाट तीच आहे, तिच्यावर गर्दी झाली आहे. तिसऱ्या ओळीत पायाच उचलला गेला आहे. ११८ चे ३५३ झाले, म्हणजे २३५ मिलिसेकंद वाढले. दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद या दराने वाट एका बाजूला साडेतेवीस हजार किलोमीटरनी लांबली. एवढं अंतर कुठल्या सरकारी फिल्टरने वाढत नाही. पॅकेट खरोखरच जगाला वळसा घालून जातंय. आणि सरासरी त्याच्याही वर ७० मिलिसेकंदांनी आहे, म्हणजे त्या लांबच्या वाटेवरही रांग आहे.

अंतर आणि रांग या दोन गोष्टी वेगळ्या काढायची आणखी एक सोपी युक्ती आहे. हेच पिंग पहाटे चारला करा आणि रात्री नऊला करा. अंतर पहाटेही तेवढंच असतं. रांग लोक झोपले की ओसरते. दिवसभर ३५३ चा पाया कायम आणि रात्री त्यावर डोंगर, असं दिसलं तर केबल तुटली आहे आणि उरलेल्या वाटांवर क्षमता पुरत नाहीये, असं खुशाल म्हणावं. पाया ११९ आणि फक्त रात्री डोंगर, असं वर्षभर दिसत असेल तर केबल-बिबल काही नाही. तुमच्या पुरवठादाराने क्षमता कमी विकत घेतली आहे आणि तो गप्प बसला आहे.

वाट कुठून जाते तेही पाहता येतं, `traceroute` या कमांडने. वाटेतल्या राउटरच्या नावांत बहुधा शहराच्या खुणा असतात. `mrs` असेल तर मार्से, `sin` म्हणजे सिंगापूर, `lax` म्हणजे लॉस एंजलिस. युरोपच्या वाटेवर `lax` दिसलं की कोडं सुटलं. मात्र इथे दोन ठिकाणी नवखे लोक फसतात. मधल्याच एखाद्या राउटरपुढे मोठा आकडा दिसतो आणि ते म्हणतात, बघा, दोष इथे आहे. पण मोठे राउटर अशा चाचणीच्या पॅकेटांना उत्तर देणं हे दुय्यम काम समजतात, सवडीने देतात. त्याच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर आकडा वाढलेलाच राहिला, तरच त्याला अर्थ आहे. दुसरी गोष्ट, ही कमांड फक्त जाण्याची वाट दाखवते. परतीची वाट समोरच्याचा पुरवठादार ठरवतो आणि ती पूर्ण वेगळी असू शकते. जाताना मार्सेमार्गे, येताना अमेरिकेमार्गे, असं त्या दिवसांत सहज होतं. यादीत `lax` नाही आणि तरी आकडा वाढलेला आहे, तर परतीच्या वाटेवर संशय घ्यावा.

देश मंदावला असं आपण म्हणतो, पण तो सगळ्यांसाठी सारखा मंदावत नाही, हेही सांगायला हवं. यूट्यूबचे, रील्सचे लोकप्रिय व्हिडिओ आपल्या शहरातल्याच साठवणीतून येतात. केबल तुटली तरी ते चालू. सिंगापूरचा सर्व्हर नेहमीसारखा. म्हणून भिवंडीतला पोरगा म्हणतो, माझं तर मस्त चाललंय, आणि त्याच मजल्यावर जर्मन कंपनीचं काम करणारी त्याची बहीण हैराण असते. तिचं सॉफ्टवेअर एक फॉर्म उघडायला सर्व्हरकडे चाळीस फेऱ्या मारत असेल, तर पूर्वी त्यात पावणेपाच सेकंद जायचे. आता चौदा. तिच्या घरची लाइन १०० एमबीपीएसची आहे आणि स्पीड टेस्टही तेच दाखवते, कारण ती टेस्ट मुंबईतल्या सर्व्हरशी झाली. कस्टमर केअरवाला तिला सांगतो, मॅडम, आमच्या बाजूने सगळं ओके आहे. तो खोटं बोलत नाही. त्याने चुकीच्या दिशेला पाहिलं आहे.

फोनवर बोलणाऱ्यांचं दुःख आणखी वेगळं. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांचा एक कोपरा जेद्दा, कुवेत, दुबईत असतो. आवाजाच्या कॉलसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एक मार्गदर्शक मर्यादा घालून दिली आहे, एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर संभाषण सुखाने होतं, आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. दुबई समुद्रावरून जवळ आहे, पण कॉल जोडणारा सर्व्हर युरोपात असेल तर तुमचा आवाज आधी युरोपला जाऊन मग दुबईला उतरतो. एरवी ते कळत नाही. वाट लांबली की कळतं. शेजारच्या एक खाला त्या आठवड्यात सांगत होत्या, “पोरगा माझं बोलणं पुरं होऊच देत नाही, मधेच तोडतो.” पोरगा बिचारा गप्प ऐकत होता. खाला थांबल्यासारख्या वाटल्या म्हणून त्याने बोलायला सुरुवात केली, आणि त्याचे शब्द इकडे पोहोचेपर्यंत त्यांचं पुढचं वाक्य निम्मं झालेलं असायचं. असल्या अर्ध्या सेकंदाच्या फरकातून घरात रुसवे होतात.

आता अफवांकडे येतो, कारण त्यांचा आपल्या समाजाशी थेट संबंध आहे. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल्स तुटल्या, आणि दोनच दिवसांत दुबईजवळ फाल्कन ही तिसरी. इजिप्त, आखाती देश, पाकिस्तान आणि भारत, सगळीकडे इंटरनेट कोलमडलं. भारताची निम्मी किंवा त्याहून जास्त क्षमता गेल्याचं तेव्हा इंटरनेट पुरवठादारांच्या संघटनेने सांगितलं होतं. मुस्लीम देश तोडण्याचा डाव आहे, इराण पूर्ण तोडला गेला आहे, इराणवर हल्ला होणार आहे, असे ईमेल फिरायला लागले. इराणचं इंटरनेट त्या काळात चालू होतं. आणि फाल्कनची केबल दुरुस्त करायला गेलेल्यांना समुद्रतळावर काय सापडलं, तर एक टाकून दिलेला जहाजाचा नांगर. पाच-सहा टन वजनाचा.

आंतरराष्ट्रीय केबल संरक्षण समितीच्या हिशेबाने जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे केबल बिघाड होतात, आणि त्यातले बहुसंख्य मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि नांगरांमुळे. उथळ समुद्रात उभं राहायला जहाज नांगर टाकतं, वाऱ्याने किंवा प्रवाहाने ते सरकतं, नांगर तळावर फरपटत जातो. केबल्स एकमेकींच्या शेजारून गेलेल्या असतील तर एकाच फरपटीत दोन-तीन जातात. सप्टेंबर २०२५ च्या प्रकरणातही जाणकारांनी व्यापारी जहाजाच्या नांगराकडेच बोट दाखवलं.

मग युद्धाचा काहीच संबंध नाही असं म्हणायचं का? तसंही नाही. १८ फेब्रुवारी २०२४ ला हूथींच्या क्षेपणास्त्राचा फटका रुबिमार या मालवाहू जहाजाला बसला. खलाशी जहाज सोडून गेले. ते बेवारस जहाज नांगर ओढत तांबड्या समुद्रात वाहत राहिलं, आणि २४ तारखेला त्या भागातल्या एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबल्स तुटल्या. २ मार्चला जहाज बुडालं. केबल कोणी नेम धरून कापली नाही, आणि तरी ती युद्धानेच कापली. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. येमेनमध्ये दोन सत्ता, समुद्रावर परवानगी कोणाची घ्यायची यावरून घोळ, त्यात विम्याचा प्रश्न. समुद्रातली दुरुस्ती काही दिवसांची असते, ती महिने लांबली. आपल्या ग्रुपवर जेव्हा कोणी ‘केबल कापली’ लिहितो, तेव्हा तो कापणारा हात शोधत असतो. दुरुस्तीचं जहाज कोणी अडवलं हे मात्र कोणी शोधत नाही, आणि खरं राजकारण तिथे असतं.

दुरुस्ती होते कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच्या स्टेशनातून तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतात आणि त्याचा परतीचा अंश किती वेळाने येतो त्यावरून तुटलेली जागा काढतात. पुन्हा तोच हिशेब, वेळेवरून अंतर. मग जहाज तिथे जाऊन गळासारखं लोखंडी अवजार तळावरून ओढतं, केबलचं एक टोक वर घेतं, तपासतं, तोंड बंद करून बोयाला बांधून ठेवतं, दुसरं टोक शोधतं. मधे जादा केबलचा तुकडा जोडावा लागतो, कारण तळावर पडलेली केबल ताणून पाण्याच्या वर आणता येत नाही. डेकवर एकेक तंतू जोडला जातो. हवा खराब असेल तर जहाज नुसतं थांबून राहतं. अशी जहाजं जगात मोजकीच आहेत आणि एकेका समुद्राला वाटून दिलेली आहेत. भारताच्या झेंड्याखाली असं जहाज असावं, हा विषय ट्रायने आपल्या २०२३ च्या शिफारशींत मांडला. आपल्या पाण्यात शिरायला परदेशी दुरुस्ती जहाजाला अनेक खात्यांच्या परवानग्या लागतात, हेही त्याच चर्चेत आलं होतं.

पण माझं भांडण जहाजाशी नाही आणि नांगराशीही नाही. केबल तुटणार हे गृहीतच आहे. जी गोष्ट वर्षातून दीडशे वेळा होते तिला अपघात तरी किती म्हणायचं. एक-दोन केबल्स तुटल्यावर अख्ख्या देशाला ते जाणवावं, हे मात्र कोणीतरी आधी, पैसे वाचवताना, ठरवलेलं असतं.

ते असं. पुरवठादार आपल्या ग्राहकांसाठी युरोपकडे क्षमता विकत घेतो. समजा त्याची रोजची गरज १०० गाड्यांची आहे. तो ५० एका केबलवर घेतो, ५० दुसरीवर, आणि जाहिरातीत लिहितो, आमच्याकडे दोन स्वतंत्र मार्ग. आता नकाशा उघडा. सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई दोन्ही मुंबईत येतात, दोन्ही बाब-अल-मंदेबच्या तीसेक किलोमीटरच्या चिंचोळ्या तोंडातून जातात, दोन्ही इजिप्त ओलांडतात, दोन्ही मार्सेला संपतात. कागदावर दोन केबल्स, समुद्रात एकच गल्ली. जेद्दाजवळ दोन्ही एकाच वेळी गेल्या. आणि समजा एकच गेली असती, तरी १०० गाड्या ५० च्या रस्त्यावर आल्या असत्या. खऱ्या अर्थाने पर्याय ठेवायचा तर सिंगापूरच्या बाजूने, किंवा आफ्रिकेला वळसा घालून, रिकामी क्षमता राखून ठेवावी लागते. वर्षातले अकरा महिने ती नुसती पडून राहणार आणि भाडं चालू राहणार. स्पर्धा दर जीबीच्या भावावर असेल, तर ते भाडं भरणारा पुरवठादार मूर्ख ठरतो.

यात एक तांत्रिक बाबही आहे, जी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. जाळ्यातली मोठी नेटवर्क्स एकमेकांना वाटा सांगतात ती बीजीपी नावाच्या पद्धतीने. एक वाट बंद झाली की बीजीपी काही क्षणांत किंवा मिनिटांत दुसरी निवडतं. पण ती निवडताना किती नेटवर्क्स ओलांडावी लागतात आणि कोणाशी काय करार आहे, एवढंच ते पाहतं. त्या वाटेवर गर्दी किती आहे, हे त्याला दिसत नाही. सगळ्या पुरवठादारांची बीजीपी एकाच वेळी त्याच उरलेल्या स्वस्त वाटेकडे वळते, ती वाट भरते, पॅकेट गळायला लागतात, आणि बीजीपीच्या दृष्टीने सगळं उत्तम चालू असतं. मग रात्रपाळीच्या इंजिनिअरने हाताने एकेक वाहतूक दुसरीकडे वळवायची. ज्याच्याकडे वळवायला दुसरी जागाच नाही, तो बसून आलेख बघतो. मी अशा रात्री पाहिल्या आहेत. आलेख वर जाऊन छताला टेकतो आणि सपाट होतो, तासन् तास सपाट. सपाट रेघ नवख्या माणसाला शांत वाटते, पण त्या रेघेच्या वर जे काही होतं ते सगळं गळून पडलेलं असतं.

गळतीचा फटका लांबच्या वाटेवर जास्त बसतो, हेही इथेच सांगतो. पॅकेट हरवलं की पाठवणारा कॉम्प्युटर समजतो की रस्ता भरलाय, आणि आपला वेग एकदम खाली आणतो. मग दर फेरीमागे थोडा थोडा वाढवत नेतो. फेरी १२० मिलिसेकंदांची असेल तर तो लवकर सावरतो. ३५० ची असेल तर सावरायला तिप्पट वेळ, आणि सावरण्याआधीच पुढचं पॅकेट हरवतं. म्हणून तीन टक्के गळती ऐकायला किरकोळ वाटते, पण तेवढ्याने फाइल चढायची थांबते.

नवीन केबल्स येत आहेत, असं यावर उत्तर दिलं जातं. येत आहेत हे खरं. गुगलने २०२१ मध्ये जाहीर केलेली ब्लू-रामन घ्या. इजिप्तला टाळून जॉर्डन आणि इस्रायलच्या जमिनीवरून भूमध्य समुद्राला जायचं, ही तिची कल्पना. इजिप्तची मक्तेदारी त्यातून सुटेल. पण भारताकडून येणारा तिचा रामन हा भाग बाब-अल-मंदेब आणि तांबड्या समुद्रातूनच अकाबाला जातो. म्हणजे शेवटचा दरवाजा नवा, गल्ली तीच. आणि जमिनीवरच्या वाटेला शांतता लागते. जेद्दाहून अम्मान, दमास्कसमार्गे इस्तंबूलला जाणारी जादी नावाची जमिनीवरची वाट २०१० मध्ये तयार झाली होती. पुढच्याच वर्षी सीरिया पेटला. त्या प्रदेशातल्या बादशहांनी आणि हुकूमशहांनी आपल्या लोकांशी काय केलं, याचा आणि पुण्यातल्या एखाद्या ऑफिसच्या लेटन्सीचा संबंध असा सरळ आहे.

माझी मागणी छोटी आहे. वीज गेली की कुठला फीडर गेला, कधी येणार, एवढं तरी महावितरणच्या माणसाला विचारता येतं. सप्टेंबरमध्ये माझ्या फोनवर पुरवठादाराचा जो मेसेज आला, त्यात ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ एवढंच होतं. केबलचं नाव नाही, जागा नाही, किती क्षमता गेली नाही, पर्यायी वाट कुठली नाही. सरहद्दीपलीकडच्या कंपनीने निदान जेद्दाचं नाव घेतलं. मोठ्या पुरवठादारांनी चोवीस तासांच्या आत एवढ्या चार गोष्टी जाहीर करायच्या, आणि वर्षातून एकदा, एक गल्ली बंद झाली तर आपली किती वाहतूक दुसऱ्या समुद्राने नेता येते ते छापायचं, असा नियम ट्रायने करावा. यात कसलंही गुपित फुटत नाही. केबल्सचे नकाशे कोणालाही इंटरनेटवर पाहायला मिळतात.

तोवर ज्यांचा धंदा युरोपशी आहे, अशा छोट्या कंपन्यांनी लाइन घेताना विक्रेत्याला दोन केबल्सची नावं विचारून थांबू नये. त्या दोन केबल्स कुठे कुठे शेजारून जातात ते विचारावं, आणि उत्तर करारात लिहून मागावं. बहुतेक विक्रेत्यांना ते माहीत नसतं, ऑफिसात विचारून सांगतो म्हणतात. उत्तर यायला आठवडा लागला तर लागू द्यावा. दरम्यान रोज पहाटे चारला आणि रात्री नऊला एक पिंग आपोआप होईल आणि `min` एका फाइलमध्ये लिहिला जाईल, एवढी सोय करून ठेवावी. पुढच्या वेळी पाया उचलला गेला, की कस्टमर केअरचा ‘सगळं ओके आहे’ ऐकताना ती फाइल समोर उघडी ठेवता येईल.